जीपीला इंग्रजीत फोन लावताना गाडी कुठे अडते? लक्षणं, तपासण्या आणि तयार संवाद

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसांपैकी बरेच जण दुकानात, बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी इंग्रजीत निभावून नेतात. जीपी सर्जरीला, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरांच्या दवाखान्याला, फोन लावायचा म्हटलं की मात्र तो मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात जातो. मी आमच्या भागातल्या अशा मंडळींच्या शेजारी बसून त्यांच्याकडूनच हे फोन करवून घेते. माणसं बदलतात, दवाखाने बदलतात, बिघाड त्याच चार-पाच जागी निघतो. याचं कारण सोपं आहे. रिसेप्शनिस्ट जवळपास प्रत्येकाला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारते: तुम्ही कोण, कशासाठी, कधी. त्यामुळे फोन नेमका कुठल्या प्रश्नाशी अडला हे कळलं की पुढची दुरुस्ती फार नसते.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ओळखा.

- समोरून सारखं ‘सॉरी?’ किंवा ‘कॅन यू से दॅट अगेन?’ येतं आणि शेवटी ‘इज देअर समवन एल्स आय कॅन स्पीक टू?’
- ‘आय कान्ट फाइंड यू ऑन द सिस्टिम.’ नोंदणी झालेली असूनही तुमचं नाव सापडत नाही.
- ‘कॅन आय आस्क व्हॉट इट्स अबाउट?’ असं विचारलं की तुम्ही गप्प होता, किंवा ‘सम प्रॉब्लेम’ एवढंच म्हणता.
- साधा खोकला सांगायला फोन केला आणि बाई एकदम ‘नाइन नाइन नाइनला फोन करा’ म्हणाली.
- अपॉइंटमेंट मिळाली, पण तुम्ही पोचलात तेव्हा वेळ टळून गेली होती. किंवा तुम्ही दवाखान्यात बसून आणि डॉक्टर तुमच्या फोनवर.
- ‘नथिंग लेफ्ट टुडे’ ऐकून तुम्ही ‘ओके, थँक यू’ म्हटलंत आणि फोन ठेवलात.

आता तपासण्या. पहिल्या फुकटच्या आहेत, पुढच्यांना थोडा सराव लागतो.

१. कागद आणि कान

फोन लावण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहा: दवाखान्यात नोंदवलेलं नाव आणि आडनाव, जन्मतारीख, पोस्टकोड, मोबाइल नंबर, आणि तक्रार एका ओळीत. देवनागरीत लिहिलं तरी चालतं, फक्त वाचायला सोपं हवं. आपलीच जन्मतारीख इंग्रजीत सांगताना भलेभले अडखळतात. कारण ती आपण आयुष्यभर फॉर्मवर लिहिलेली असते, मोठ्याने म्हटलेली नसते.

मग स्पीकर बंद करा. घरातल्या सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आपण फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावतो. तिकडे आवाज घुमतो आणि व्यंजनं पुसली जातात. जुन्या पद्धतीच्या फोनलाइनवरून आवाजाचा साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. ‘एस’ आणि ‘एफ’ यांच्यातला फरक बराचसा त्याच्या वरच्या भागात असतो, म्हणून इंग्रजांचीही ही अक्षरं फोनवर गोंधळतात. फोन कानाला लावा किंवा इअरफोन घ्या. ‘सॉरी? सॉरी?’चं प्रमाण कितीदा एवढ्यानेच उतरतं.

२. पहिलं वाक्य

आधी रेकॉर्ड केलेला आवाज येतो. ‘फॉर अपॉइंटमेंट्स, प्रेस…’ एवढंच पकडायचं आहे, बाकीचं सोडून द्या. नंबर हुकला तर फोन ठेवून पुन्हा लावा. मेनू तोच असतो, दुसऱ्यांदा नीट ऐकू येतो.

माणूस आला की हे एकच वाक्य:

‘हॅलो. आय’ड लाइक टू बुक अ‍ॅन अपॉइंटमेंट विथ अ डॉक्टर, प्लीज.’

आणि लगेच दुसरं:

‘माय इंग्लिश इज बेसिक. प्लीज स्पीक स्लोली.’

आपल्याकडे डॉक्टरांच्या कंपाउंडरला सांगायचं तर आपण दुखण्यापासून सुरुवात करतो: परवा लग्नाला गेलो होतो, तिथं बाहेरचं खाल्लं, रात्रीपासून पोटात कसंतरी होतंय. इथल्या रिसेप्शनिस्टपुढे त्या वेळी रिकामा स्क्रीन असतो. तुम्ही कोण हे त्यात भरेपर्यंत तिला तुमची हकिगत लिहायला जागा नसते. तुम्ही सांगता, ती ऐकत नाही, मग पुन्हा विचारते, आणि तुम्हाला वाटतं आपलं इंग्रजी कळलं नाही.

दुसरं वाक्य म्हणायला लोक लाजतात. मी ते म्हणायलाच लावते. सकाळी आठला लाइन उघडल्यावर ही बाई ओळीने फोन उचलत असते. तुम्ही सांगितलं नाही तर ती त्याच वेगाने बोलत राहणार.

३. तुम्ही कोण

बहुतेक ठिकाणी नावाच्या आधी ‘कॅन आय टेक युअर डेट ऑफ बर्थ?’ येतं. क्रम आपल्यासारखाच आहे, दिवस, महिना, वर्ष. महिना आकड्यात न सांगता नावाने सांगा: ‘फोर्टीन्थ मार्च, नाइन्टीन फिफ्टी-एट.’ वर्ष दोन-दोन आकड्यांच्या जोडीने म्हणायचं.

मग नाव. नमुन्याला वैद्य हे आडनाव घेऊ. आपल्या ‘व’मध्ये व्ही आणि डब्ल्यू दोन्ही सामावतात, इंग्रजी कानाला ती दोन वेगळी अक्षरं आहेत. तुम्ही व्ही म्हणता, ती डब्ल्यू टाइप करते, आणि सिस्टिम म्हणते असा पेशंटच नाही. वानखेडे, वाघ, विद्या, वर्षा, सगळ्यांची हीच गत. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, आणि तरीही प्रत्येक अक्षरामागे शब्द जोडा:

‘व्ही फॉर व्हिक्टर, ए फॉर अ‍ॅपल, आय फॉर इंडिया, डी फॉर डेव्हिड, वाय फॉर यलो, ए फॉर अ‍ॅपल.’

डब्ल्यू असेल तर ‘विल्यम’, झेड असेल तर ‘झेब्रा’, एस असेल तर ‘शुगर’. तुमच्या आडनावाची ही ओळ कागदावर आयती लिहून ठेवा. पोस्टकोडचीही.

तरी सापडलं नाही तर नोंदणीच्या वेळी नाव-आडनाव उलटं पडलेलं असू शकतं, किंवा मधलं वडिलांचं वा नवऱ्याचं नाव आडनावाच्या रकान्यात गेलेलं असतं. पासपोर्टवरून नाव उतरवताना हे होतं. त्यासाठी वाक्य: ‘प्लीज ट्राय माय फर्स्ट नेम अ‍ॅज सरनेम.’

आईसाठी मुलगा बोलत असेल तर आई शेजारी हवी. रिसेप्शनिस्ट पेशंटची संमती विचारते, आणि आईने स्वतः फोनवर एवढं म्हणावं लागतं: ‘यस, माय सन कॅन स्पीक फॉर मी.’ मुलगा ऑफिसात आणि आई घरी असेल तर हा फोन बहुधा इथेच थांबतो.

४. कशासाठी, आणि ‘हो हो’चा घोटाळा

‘व्हॉट इज इट रिगार्डिंग?’ हा प्रश्न आपल्याला खटकतो. डॉक्टरला सांगू, हिला कशाला? पण त्या उत्तरावरून ती ठरवते की तुम्हाला डॉक्टर, नर्स, फिजिओ की फार्मसिस्ट, आणि आज की पुढच्या आठवड्यात. इंग्लंडात जानेवारी 2024 पासून ‘फार्मसी फर्स्ट’ योजना आहे. घसा, कान, सायनस अशा सात दुखण्यांसाठी, ठरलेल्या वयोगटात, फार्मसिस्ट तपासून गरज पडल्यास औषधही देऊ शकतो. तिकडे पाठवलं म्हणजे टाळलं असं नाही.

उत्तराचा साचा: काय होतंय, किती दिवस, वाढतंय का.

‘आय हॅव अ कफ. थ्री वीक्स. इट्स गेटिंग वर्स.’

व्याकरण अर्धं आहे, काम पूर्ण होतं. आधी मनात लांब वाक्य जुळवून मग ते मध्येच तुटण्यापेक्षा हे तीन तुकडे बरे.

आपल्याकडच्या इंग्रजीतले काही शब्द इथे अडतात. ‘लूज मोशन’ऐवजी ‘डायरिया’ म्हणा. ‘शुगर’ऐवजी ‘डायबिटीस’, ‘बीपी आहे’ऐवजी ‘हाय ब्लड प्रेशर’, ‘अ‍ॅसिडिटी’ऐवजी ‘हार्टबर्न’, ‘गिडीनेस’ऐवजी ‘आय फील डिझी’. ‘माय लेग इज पेनिंग’ऐवजी ‘माय लेग हर्ट्स’. खाजगी काही असेल तर ‘इट्स पर्सनल. कॅन आय सी अ वुमन डॉक्टर?’ एवढं पुरे, तपशील सांगायची सक्ती नाही.

तिच्या बाजूचेही दोन प्रश्न फसवे आहेत. ‘हॅव यू गॉट अ टेम्परेचर?’ म्हणजे ताप आहे का. ‘आर यू ब्रिंगिंग एनिथिंग अप?’ म्हणजे खोकल्यातून कफ पडतो का. दुसऱ्याला ‘नो, आय अ‍ॅम नॉट ब्रिंगिंग’ असं उत्तर मी ऐकलंय. सोबत काय आणायचं असा प्रश्न आहे असं त्या काकूंना वाटलं होतं.

सगळ्यांत महागात पडणारा बिघाड मात्र वेगळाच आहे. समोरचा बोलत असताना ‘हं, हो, हो’ म्हणत राहायची आपली सवय. त्याचा अर्थ ‘ऐकतेय, बोला’ एवढाच. तीच सवय इंग्रजीत ‘यस, यस’ होते. रिसेप्शनिस्ट विचारते, ‘एनी चेस्ट पेन?’ ‘यस, यस.’ ‘शॉर्ट ऑफ ब्रेथ?’ ‘यस.’ तिने छातीत दुखणं आणि दम लागणं दोन्ही लिहून घेतलं, आणि आता ती तुम्हाला अपॉइंटमेंट देऊच शकत नाही. तिला अँब्युलन्सकडेच पाठवावं लागतं.

उलटा प्रश्न आणखी घातक. ‘यू हॅवन्ट गॉट एनी चेस्ट पेन?’ मराठीत ‘छातीत दुखत नाही ना?’ला आपण ‘हो, नाही दुखत’ म्हणतो. त्यातलं ‘हो’ समोरच्याच्या बोलण्याला असतं. इंग्रजीत ‘यस’ दुखण्याला लागतं. म्हणून दुखण्याच्या प्रश्नांना नुसतं ‘यस’ किंवा ‘नो’ कधीच म्हणू नका. दुखण्याचं नाव घेऊन उत्तर द्या: ‘नो चेस्ट पेन.’ ‘नो फीव्हर.’ ‘यस, आय हॅव फीव्हर.’ कळलं नसेल तर ‘सॉरी, आय डोन्ट अंडरस्टँड. प्लीज से इट अगेन.’ आणि ती बोलत असताना ऐकतोय हे दाखवायचंच असेल तर ‘ओके’ म्हणा, ‘यस’ नको.

या एका सवयीवर मी बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ घालवते. घरात जोडी करून सराव करा. एकाने प्रश्न विचारायचे, दुसऱ्याने ‘यस’ न वापरता उत्तरं द्यायची. पहिल्या दिवशी सगळे हरतात.

५. कधी

‘हाफ टेन’ म्हणजे साडेदहा. ‘क्वार्टर पास्ट टेन’ सव्वादहा, ‘क्वार्टर टू टेन’ पावणेदहा. ऐकताना ‘टेन’ तेवढं कानात राहतं. हाफ टेनला दहाला पोचलात तर अर्धा तास बसाल, पण क्वार्टर टू टेनला दहाला पोचलात तर अपॉइंटमेंट गेली. ‘थर्टीन्थ-थर्टीएथ’ आणि ‘ट्यूज्डे-थर्सडे’ या जोड्याही फोनवर सारख्याच वाटतात. म्हणून वेळ आकड्यात, वार तारखेसकट, आपण परत म्हणून दाखवायची:

‘सो, ट्यूज्डे, द थर्टीन्थ, नाइन फोर्टी-फाइव्ह. इज दॅट करेक्ट?’

मग एक प्रश्न, जो जवळपास कोणी विचारत नाही: ‘इज इट ऑन द फोन ऑर फेस टू फेस?’ ‘डॉक्टर विल गिव्ह यू अ रिंग’ असं ती म्हणाली असेल तर डॉक्टर फोन करणार आहेत, तुम्ही जायचं नाही. आणि तो फोन बऱ्याचदा नंबर न दाखवता येतो. स्क्रीनवर No Caller ID दिसलं म्हणून फसवणुकीचा समजून कापू नका, निदान त्या सकाळी.

६. ‘नथिंग लेफ्ट टुडे’

इथे ‘थँक यू’ म्हणायच्या आधी तीन वाक्यं आहेत, याच क्रमाने. ‘कॅन आय बुक फॉर अनदर डे?’ मग ‘कॅन द डॉक्टर कॉल मी?’ मग ‘व्हॉट शुड आय डू नाऊ?’ तिसरं महत्त्वाचं. त्या प्रश्नाला तिला काहीतरी वाट दाखवावी लागते, ऑनलाइन फॉर्म किंवा फार्मसी. दुखणं आजचं नसेल तर मुळात आठच्या गर्दीत फोनच करू नका. उशिरा सकाळी लावला तर तिलाही सावकाश बोलायला सवड असते.

सगळं जोडून

ही साठीच्या पुढच्या एका काकूंसाठी बसवलेली पूर्ण संहिता. तीन आठवडे खोकला जात नसेल तर इथे जीपीला दाखवायला सांगतात, म्हणून तक्रार तीच ठेवली आहे. नाव आणि तारखा तुमच्या घाला.

रिसेप्शन: गुड मॉर्निंग, सर्जरी, हाऊ कॅन आय हेल्प?
काकू: हॅलो. आय’ड लाइक टू बुक अ‍ॅन अपॉइंटमेंट विथ अ डॉक्टर, प्लीज. माय इंग्लिश इज बेसिक. प्लीज स्पीक स्लोली.
रिसेप्शन: नो प्रॉब्लेम. इज इट फॉर युअरसेल्फ?
काकू: फॉर मी.
रिसेप्शन: कॅन आय टेक युअर डेट ऑफ बर्थ?
काकू: फोर्टीन्थ मार्च, नाइन्टीन फिफ्टी-एट.
रिसेप्शन: अँड युअर सरनेम?
काकू: वैद्य. व्ही फॉर व्हिक्टर, ए फॉर अ‍ॅपल, आय फॉर इंडिया, डी फॉर डेव्हिड, वाय फॉर यलो, ए फॉर अ‍ॅपल.
रिसेप्शन: लव्हली. बेअर विथ मी.

‘बेअर विथ मी’ म्हणजे जरा थांबा. गप्प राहा, फोन तुटलेला नाही.

रिसेप्शन: कॅन आय आस्क व्हॉट इट्स अबाउट?
काकू: आय हॅव अ कफ. थ्री वीक्स. इट्स गेटिंग वर्स.
रिसेप्शन: आर यू ब्रिंगिंग एनिथिंग अप? एनी ब्लड?
काकू: अ लिटल फ्लेम. नो ब्लड.
रिसेप्शन: एनी चेस्ट पेन? शॉर्ट ऑफ ब्रेथ?
काकू: नो चेस्ट पेन. ब्रीदिंग इज ओके.
रिसेप्शन: आय कॅन डू ट्यूज्डे द थर्टीन्थ, क्वार्टर टू टेन.
काकू: ट्यूज्डे, द थर्टीन्थ, नाइन फोर्टी-फाइव्ह. इज दॅट करेक्ट?
रिसेप्शन: दॅट्स इट.
काकू: इज इट ऑन द फोन ऑर फेस टू फेस?
रिसेप्शन: फेस टू फेस.
काकू: आय नीड अ मराठी इंटरप्रिटर फॉर द अपॉइंटमेंट, प्लीज.
रिसेप्शन: आय’ल पुट दॅट ऑन. एनिथिंग एल्स?
काकू: नो, दॅट्स ऑल. थँक यू. बाय.

‘फ्लेम’ म्हणजे इथे कफ. आपण ज्याला कफ म्हणतो तो शब्द इंग्रजीत खोकल्याला लागतो, म्हणून ही ओळ काकूंना दहादा घोकावी लागली.

कुठे थांबायचं

दोनदा विचारूनही तिचा तोच प्रश्न कळला नाही, तर अंदाजाने उत्तर देऊ नका. तिथे हाताने दुरुस्ती संपली. म्हणा: ‘आय नीड अ मराठी इंटरप्रिटर, प्लीज.’ दुभाष्याचे पैसे पेशंटला लागत नाहीत. बहुतेक वेळा तो फोनवरूनच जोडला जातो, थोडं थांबावं लागतं. डॉक्टरांसमोरच्या भेटीसाठी तर मी सगळ्यांनाच तो आधी सांगून ठेवायला लावते, वरच्या संवादात म्हणूनच ती ओळ आहे. घरातल्या शाळकरी मुलाला दुभाषा करू नका. आजीच्या पोटात गाठ आहे हे त्याने सांगावं अशी वेळ येऊ शकते.

दवाखाना बंद आहे आणि सकाळपर्यंत थांबवत नाही, तर 111. चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि तिथेही इंटरप्रिटर मागता येतो.

छातीत दुखणं, श्वास घ्यायला त्रास, तोंड वाकडं होणं किंवा जीभ जड होणं, न थांबणारं रक्त, बेशुद्धी, यातलं काही असेल तर ही संहिता, कागद, सगळं बाजूला ठेवा आणि 999 लावा. पहिला प्रश्न कुठली सेवा हवी हा असतो. उत्तर एकच शब्द: ‘अँब्युलन्स.’ पुढे ‘इज द पेशंट ब्रीदिंग?’ याला खरं तेच सांगा, ‘यस, ब्रीदिंग’ किंवा ‘नॉट ब्रीदिंग’. मग पोस्टकोड आणि घर नंबर, आणि ‘मराठी’. समोरचा माणूस ‘आता ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.